हंगामाचे दर ठरवण्याआधी: काजू कारखान्याच्या वरखर्चाची तयारी

चवथ आटोपली की कळंगुट-बागाच्या दुकानदारांचे फोन सुरू होतात आणि पर्यटन हंगामाचे दर मागितले जातात. त्या फोनच्या आधी आठवडाभर काढा आणि पुढची तयारी करा. डिचोलीच्या बाजूच्या एका काजू कारखान्याचं उदाहरण सोबत घेतो. आकडे समजायला सोपे व्हावेत म्हणून गोल केले आहेत, पण त्यांतलं प्रमाण खरं आहे.

सगळ्यात आधी गेल्या महिन्याचं हजेरी पुस्तक आणि खर्चाचं लेजर समोर घ्या, आणि आजवर वरखर्च मालावर कसा वाटून टाकला ते प्रामाणिकपणे मांडा. या कारखान्यात दोन माल निघतात. एक साधा काजूगर, दहा किलोच्या डब्यात, हॉटेलांना आणि घाऊक व्यापाऱ्यांना. दुसरा भाजलेला, मीठ, मिरी, मसाला वगैरे चवींचा, शंभर ग्रॅमच्या पाऊचमध्ये, दुकानांना. महिन्याला साधा 4,000 किलो जातो आणि त्याला 2,400 मजूर-तास लागतात. चवीचा 800 किलो जातो, त्याला 600 तास. भाडं, सुपरवायझर, वीज, ऑफिस असा वरखर्च 3,00,000 रुपये. एकूण तास 3,000, म्हणजे तासाला 100 रुपये. या हिशेबाने साध्या काजूवर किलोमागे 60 रुपये वरखर्च बसतो आणि चवीच्या काजूवर 75.

हा 75 चा आकडा पाहून इथेच थांबा. चवीच्या काजूची धावपळ ज्याने पाहिली आहे त्याला तो पटणार नाही. मजूर-तासांची पद्धत ज्या काळात रुळली तेव्हा कारखान्यात हातमजुरी हाच मोठा खर्च होता आणि वरखर्च तिच्याच मागे चालायचा. आता वरखर्चाचा मोठा भाग माल बदलण्यात, ऑर्डरी सांभाळण्यात, तपासण्यात जातो. ज्या मालाला हात जास्त लागतात त्याला ही कामंही जास्त लागतात, असं काही नाही. हार्वर्डचे रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी 1980 च्या दशकात ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग मांडलं ते याच अडचणीवर. त्याचा गाभा असा: खर्च आधी कामावर टाका, मग ज्या मालाने ते काम जितक्या वेळा करायला लावलं, त्या मालावर तितका टाका.

म्हणून दुसरी तयारी भट्टीजवळ उभं राहून करायची. घड्याळ घ्या आणि मसाल्यानंतर मीठवाला माल लावताना काय काय होतं ते पाहा. रोस्टर रिकामा होतो, आतला तेलकट मसाल्याचा थर पुसला जातो, पाऊच मशीनचा रोल बदलतो, तारखेचा शिक्का नव्याने लागतो. नव्या चवीचे पहिले काही पाऊच बाजूला पडतात, कारण त्यांना अजून मिरचीचा वास येत असतो. पॅकिंगवरच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "चव बदलली की सकाळ गेलीच म्हणायची." हे वाक्य लेजरमध्ये कुठेच दिसत नाही, आणि दर मात्र त्यावरच चुकतो. बदलाच्या वेळेचे तास उत्पादनाच्या तासांतून वजा करा, नाहीतर तीच मजुरी दोनदा मोजली जाईल.

मग रजिस्टरं काढून फक्त दोन गोष्टी मोजा: माल किती वेळा बदलला आणि ऑर्डरी किती आल्या. सुपरवायझर आणि ऑफिसच्या माणसाला आठवडाभर साधी डायरी ठेवायला सांगा. कुठलं काम, किती वेळ, एवढंच. त्यांचा पगार त्या प्रमाणात वाटायचा. दहा-बारा कामं वेगळी काढायच्या मोहात पडू नका. एवढ्या छोट्या कारखान्यात तीन पुरतात, त्याहून जास्त काढली की महिन्याभरात कोणी नोंदी ठेवत नाही.

इथे आलेले आकडे असे. माल बदलण्यावर महिन्याला 1,20,000 रुपये गेले आणि बदल झाले 60, त्यांतले 54 चवीच्या मालासाठी. एका बदलाला 2,000. ऑर्डरी घेणं, बिल, खोकी बांधणं, पाठवणं यावर 80,000, आणि ऑर्डरी 200. पैकी 180 छोट्या दुकानांच्या. एका ऑर्डरीला 400. उरलेले 1,00,000 रुपये शेड, दिवे, देखरेख यांचे. ते खरोखरच माणसांच्या तासांमागे चालतात, म्हणून ते मजूर-तासांवरच वाटले. बेरीज केली की साध्या काजूच्या वाट्याला 1,00,000 आले, किलोला 25 रुपये. चवीच्या वाट्याला 2,00,000, किलोला 250. आधी 60 आणि 75 होते.

आता विक्रीचे दर शेजारी ठेवा. चवीच्या मालाचा काजू, मजुरी, मसाला, पाऊच मिळून थेट खर्च किलोला 1,000 रुपये होता आणि जीएसटी सोडून दर 1,180. जुन्या हिशेबाने किलोला 105 रुपये सुटत होते. नव्या हिशेबाने 70 रुपये अंगावर येत होते. साध्याचा थेट खर्च 720, दर 820. त्यात 40 नाही, 75 रुपये सुटत होते. एकूण नफा दोन्ही हिशेबांत 2,44,000 च निघतो, एक रुपयाचाही फरक नाही. म्हणूनच ही चूक ताळेबंदात कधी सापडत नाही. ती बाजारात दिसते. हॉटेलांचे मोठे सौदे दहा-वीस रुपयांनी दुसऱ्याकडे जाऊ लागतात, आणि किचकट छोट्या ऑर्डरींना मात्र कोणी घासाघीसही करत नाही. तुमच्याकडे असं होत असेल तर ही तयारी टाळू नका.

दर बदलण्याआधी एक काळजी घ्या, आणि मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. "तोट्यातला" म्हणून चवीचा माल लगेच बंद करू नका. तो बंद केला तर थेट खर्चावर सुटणारे किलोमागचे 180 रुपये, म्हणजे महिन्याचे 1,44,000, जातील. वरखर्चातले त्याच्या नावचे दोन लाख मात्र सगळे वाचणार नाहीत, कारण भाडं तेच राहील आणि सुपरवायझरचा पगारही. शिवाय तो उरलेला भार साध्या काजूवर येऊन पडेल. खर्च एखाद्या मालामुळे होतो आणि तो माल काढला की खर्च जातो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक रकमेपुढे "हे खरंच वाचेल का, आणि किती महिन्यांनी?" असं लिहून ठेवा.

तसंच बॅच दुप्पट करून बदल 54 वरून 27 वर आणले, तर कागदावर 54,000 रुपये वाचतात. हातात येतो तो फक्त मोकळा झालेला वेळ. त्या वेळात साध्या काजूचा एखादा जादा सौदा बसवला, किंवा जादा पाळी कमी केली, तरच पैसे दिसतात.

या कारखान्याने चवी सातवरून चारवर आणल्या, मसाला आणि मीठ आठवड्याचे ठरावीक वार लावून भाजायला घेतले, आणि छोट्या ऑर्डरीला 400 रुपये वेगळे न लावता किमान दहा किलोची अट घातली. हॉटेलांना साधा काजू 805 ने दिला.

शेवटी सीएकडे जाताना हे आकडे दर ठरवण्यापुरतेच आहेत हे सांगा. ऑर्डर आणि डिस्पॅचचा खर्च शिल्लक मालाच्या किमतीत धरता येत नाही, त्यामुळे तो भाग वर्षअखेरच्या स्टॉकच्या हिशेबातून वेगळा काढून द्यावा लागेल.