रिकामा संदेश किंवा नुसते ‘नमस्कार’ आल्यास काय करावे : नव्या सहकाऱ्यांना पत्र

सहकाऱ्यांनो,

ग्राहकाचे नाव आणि वेळ आहे, पण मजकुराच्या जागी काहीच नाही, असे तिकीट लवकरच तुमच्यासमोर येईल. अशा वेळी ‘आपला संदेश रिकामा आला, कृपया पुन्हा पाठवा’ हे तयार उत्तर पाठवण्याआधी मूळ ईमेल उघडा. आपली प्रणाली जुना पत्रव्यवहार गाळून केवळ नवा मजकूर दाखवते आणि तो ओळखण्यासाठी ‘या ओळीच्या वर उत्तर लिहा’ या खुणेवर विसंबते. त्यामुळे ग्राहकाने त्या ओळीखाली लिहिले, तर त्याचे उत्तर जुन्या मजकुरासोबत गाळले जाते.

एका ग्राहकाला आम्ही पावती क्रमांक विचारला होता. त्याने आमच्या प्रश्नाच्या लगेच खाली, म्हणजे कोणालाही स्वाभाविक वाटेल अशा जागी, तो लिहून पाठवला. तिकिटात कोरी नोंद आली, आम्ही पुन्हा विचारले, त्याने पुन्हा तिथेच लिहिले. तिसऱ्या खेपेला त्याचा सूर चढल्यावर कोणीतरी मूळ ईमेल पाहिला, तेव्हा क्रमांक दोन्ही वेळा आलेला होता. (चूक आमची होती आणि खुलासा मात्र आम्ही त्याच्याकडे मागत होतो.)

मूळ ईमेलही कोरा असेल, तर विषयाची ओळ आणि जोडलेली फाइल पाहा. पुष्कळ जण सगळे विषयातच लिहितात किंवा केवळ स्क्रीनशॉट पाठवतात. तिथेही काही नसेल, तरच मजकूर पोहोचला नसल्याचे कळवा आणि नेमके काय हवे ते सांगा.

चॅटवर नुसते ‘नमस्कार’ आले, तर आधी त्या ग्राहकाचे जुने तिकीट शोधा. त्याचे काम आपल्याकडे अडकलेले असेल, तर त्या नमस्काराचा अर्थ बहुधा ‘माझ्या कामाचे काय झाले?’ असा असतो, म्हणून त्या कामाची सद्यःस्थिती सांगूनच सुरुवात करा. जुने काही नसेल, तर उलट नुसता ‘नमस्कार’ पाठवू नका, कारण मग दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. अभिवादन आणि प्रश्न एकाच संदेशात लिहा : ‘नमस्कार. कोणत्या सेवेबाबत अडचण आहे आणि स्क्रीनवर काय दिसते, ते कृपया लिहा.’

ग्राहक टाइप करत असल्याची खूण दिसत असेपर्यंत थांबा. अनेकांना आधी अभिवादन पाठवून मग सावकाश लिहिण्याची सवय असते. उत्तर आले नाही, तर एकदाच आठवण करा आणि तिकीट ‘निकाली’ न करता ‘ग्राहकाच्या उत्तराच्या प्रतीक्षेत’ ठेवा. ‘निकाली’ केल्यास समाधानाची विचारणा करणारा ईमेल आपोआप जातो, आणि ज्याची अडचण आपण ऐकलीच नाही त्याला तो थट्टेसारखा वाटतो.

आपला,
संघप्रमुख, ग्राहक साहाय्य