रीडलाइन जोडण्याआधी लायसन्स वाचायची तयारी

सी भाषेत एक कमांड-लाइन प्रोग्राम तयार आहे, त्यात वरच्या बाणाने जुनी कमांड परत आणायची सोय हवी आहे, आणि प्रोग्राम एमआयटी लायसन्सखाली द्यायचा आहे, असं धरून चालू. अशा वेळी हात आपोआप जीएनयू रीडलाइन या लायब्ररीकडे जातो. ती जीपीएल लायसन्सखाली आहे. `-lreadline` लिहिलं की काम होतं, म्हणून लायसन्स वाचायचं राहून जातं. ते आधी वाचा.

पहिल्यांदा कागदावर एक ओळ लिहा: प्रोग्राम कोणाच्या हातात जाणार? फक्त आपल्या कंपनीतच चालणार असेल, तर जीपीएलची तिसरी आवृत्ती सोर्स कोड उघडा करायला सांगत नाही. तिच्या अटी प्रत दुसऱ्याला दिल्यावर लागू होतात. सर्व्हरवर चालवून लोकांना नेटवर्कवरून वापरू देणं म्हणजे प्रत देणं नव्हे, हे त्याच मजकुरात स्पष्ट लिहिलेलं आहे. एजीपीएल वेगळं आहे. तुम्ही प्रोग्राममध्ये बदल केला असेल, तर त्याचं तेरावं कलम नेटवर्कवरच्या वापरणाऱ्यांनाही सोर्स मिळाला पाहिजे असं सांगतं.

मग लायब्ररीचं पान किंवा पॅकेजवरचा बिल्ला बाजूला ठेवा आणि सोर्ससोबत आलेली फाइल उघडा. रीडलाइनमध्ये तिचं नाव `COPYING`, एमआयटीच्या प्रोजेक्टमध्ये बहुधा `LICENSE`. अख्खा मजकूर वाचायचाच आहे, पण सुरुवात नेमक्या वाक्यांपासून करा:

```
grep -niE "entire work|mere interaction|shall be included" COPYING LICENSE
```

शेवटचा शब्दगट सापडला तर समोर बहुधा एमआयटी आहे. त्याची अट एकच: कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीत राहिला पाहिजे. तुमचं बाकीचं काम कोणत्या अटींवर द्यायचं, याबद्दल ते काहीच मागत नाही. परमिसिव्ह ओळखायची खूण हीच.

पहिला शब्दगट जीपीएलच्या पाचव्या कलमाच्या 'क' उपकलमात सापडेल. बदललेलं किंवा त्यावर उभारलेलं काम संपूर्णपणे, सगळ्या भागांसकट, याच लायसन्सखाली द्या, असं ते म्हणतं. कॉपीलेफ्टचा गाभा या वाक्यात आहे. 'मी रीडलाइनची एक ओळही बदलली नाही, नुसती लिंक केली' हा बचाव इथे बरेच जण पुढे करतात. लिंक केल्याने एकच संयुक्त काम तयार होतं, अशी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भूमिका आहे. पहिल्या कलमात सोर्सची व्याख्या करताना, प्रोग्रामला ज्यांची मुद्दाम गरज आहे अशा डायनॅमिक लिंक होणाऱ्या भागांचाही उल्लेख आहे. वाद घालता येतो, पण रिलीज त्या वादावर उभं करू नये. तुमच्या स्वतःच्या फाइलींवर एमआयटी राहू शकतं, कारण ते जीपीएलशी जुळतं. पण लोकांना मिळणारी जोडलेली बायनरी जीपीएलच्या अटींवरच द्यावी लागेल.

आता आवृत्ती तपासा. रीडलाइन ६.० पासून जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीवर आहे. तुमच्या प्रोग्रामात दुसरा एखादा भाग `GPL-2.0-only` असेल, तर दोन्ही एका बायनरीत देता येत नाहीत, कारण दोन्ही लायसन्स अख्ख्या कामावर आपापल्याच अटी मागतात. `GPL-2.0-or-later` असेल तर अडचण नाही. एवढ्याशा शब्दाने निकाल फिरतो, म्हणून फाइलींच्या माथ्यावरची ओळ डोळ्यांनी वाचा.

अख्खी बायनरी जीपीएलखाली द्यायची नसेल, तर लिबएडिट घ्या. ती बीएसडीखाली आहे आणि रीडलाइनसारखीच नेहमीची फंक्शन्स देते. हेडर `editline/readline.h`, लिंक `-ledit`. सगळी फंक्शन्स मात्र तिथे नाहीत, त्यामुळे बिल्ड करून पाहाच. बायनरीसोबतच्या कागदपत्रांत कॉपीराइटची ओळ, अटी आणि जबाबदारी नाकारणारा मजकूर छापणं बीएसडीत बंधनकारक आहे. परमिसिव्ह म्हटल्यावर नेमकं हेच विसरलं जातं.

शेवटी प्रत्यक्ष काय जोडलं गेलं ते पाहा. मॅकवर `-lreadline` दिलं तरी सिस्टिमची लिबएडिटच जोडली जाऊ शकते. तीच बिल्ड फाइल लिनक्सवर बहुधा जीएनयू रीडलाइन जोडते. म्हणून मॅकवरची तपासणी लिनक्सच्या रिलीजला पुरत नाही:

```
ldd ./program | grep -iE "readline|libedit"
```

मॅकवर हेच `otool -L` ने पाहा. रीडलाइन दिसली आणि तुम्ही ती ठेवायची ठरवली, तर बायनरी ज्या पानावर ठेवाल तिथूनच, वेगळे पैसे न घेता, त्याच बिल्डचा सोर्स आणि बिल्डच्या स्क्रिप्ट मिळतील अशी सोय रिलीजच्या दिवशीच करा. सोर्सला आवृत्तीचा टॅग लावा, नाहीतर सहा महिन्यांनी कोणी मागितल्यावर नेमका तोच सोर्स हाताशी नसतो.