पोर्ट्रेटवरून ॲनिमेशनपटातला चेहरा: डोळे मोठे करायचे, पण माणूस ओळखू यायला हवा

फोटोतल्या माणसाला ॲनिमेशनच्या सिनेमातलं रूप द्यायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: डोळे निवडा आणि दीडपट करा. या एका सल्ल्यानं जितके चेहरे बिघडलेत तितके दुसऱ्या कशानं बिघडले नसतील. डोळे मोठे होतात, पण चेहरा कुणाचा हे कळेनासं होतं. खाली जे लिहिलंय ते ब्लेंडर 4 आणि सायकल्स रेंडरर धरून लिहिलंय. एका गोळ्यातून डोकं घडवायला तुम्हाला येतं, हे गृहीत धरते.

उदाहरण माझ्या मामाच्या चेहऱ्याचं घेते. वय पन्नाशीच्या पुढे, रंग सावळा, मिशी भरघोस, कान जरा बाहेर आलेले आणि वरच्या पापण्या जड. डावी पापणी उजवीपेक्षा किंचित जास्त उतरलेली. अशा अर्धमिटल्या डोळ्यांच्या माणसाला मोठे डोळे देणं सर्वांत अवघड, म्हणूनच हे उदाहरण घेतलं.

फोटो दोन हवेत, एक समोरून आणि एक बाजूनं, दोन्ही किमान दीड मीटरवरून काढलेले. हातभर अंतरावरच्या सेल्फीत नाक फुगतं आणि कान मागे जातात, त्यामुळे सेल्फी चालणार नाही. ब्लेंडरमधला कॅमेरा 85 मि.मी.वर ठेवा.

डोकं खऱ्या मापात बनवा, म्हणजे हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण 23 सें.मी. हे मी आग्रहानं सांगते, कारण पुढे त्वचेचं सगळं गणित यावर आहे. मात्र रीमेश करताना `Voxel Size` मुळात 0.1 m असतो, म्हणजे 10 सें.मी. तसाच ठेवून रीमेश केलं तर अख्खं डोकं चारदोन चौकटींचा ठोकळा होईल. तो आधी 2 मि.मी. करा. कवटी, जबडा, नाक आणि कान यांचे ढोबळ आकार घडवून घ्या.

आता डोळे

याच टप्प्यावर मी सर्वांत जास्त अडकायचे, त्यामुळे इथं सावकाश जाऊ.

आधी साधं मोजमाप. मोठ्या माणसाचा नेत्रगोल सुमारे 24 मि.मी. व्यासाचा असतो आणि बुबुळ त्याच्या जवळजवळ निम्मं, 12 मि.मी.च्या आसपास. पापण्यांमधून दिसणारा डोळा साधारण 30 मि.मी. रुंद असतो. मामाच्या दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमध्ये 32 मि.मी. अंतर आहे. आता डोळा जागच्या जागी, मध्यबिंदू धरून दीडपट केला तर तो 45 मि.मी. रुंद होतो आणि दोन्ही बाजूंनी सारखा पसरतो. परिणामी आतल्या कोपऱ्यांमधलं 32 मि.मी.चं अंतर 17 वर येतं. नाकाचा वरचा भाग चिमटला जातो आणि नजर नाकाकडे वळल्यासारखी वाटते. मामाचं रुंद, सपाट नाकमूळ ही त्याची ओळख आहे, आणि नेमकी तीच जाते.

म्हणून डोळा आतल्या कोपऱ्यापासून बाहेर वाढवायचा. आतला कोपरा फोटोत आहे तिथंच ठेवायचा, हलवायचा नाही. 15 मि.मी.ची सगळी वाढ बाहेरच्या बाजूला जाऊ द्या. दोन डोळ्यांच्या मध्यबिंदूंतलं अंतर मग 62 वरून 77 मि.मी. होतं, आणि 40 मि.मी.चे दोन गोल एकमेकांना न खेटता आरामात बसतात. बाहेरचा कोपरा चेहऱ्याच्या कडेजवळ जातो, तेव्हा दोन्ही कानशिलं चार-पाच मि.मी.नं रुंद करा. जबड्याला हात लावू नका. आणि बाजूनं बघताना बाहेरचा कोपरा आतल्या कोपऱ्यापेक्षा स्पष्ट मागे दिसलाच पाहिजे. दोन्ही एकाच पातळीवर राहिले, तर डोळे चेहऱ्यावर चिकटवल्यासारखे दिसतात. समोरून हा दोष लक्षात येत नाही आणि पाऊण बाजूनं बघितलं की लगेच दिसतो, म्हणून चेहरा सतत फिरवून बघत राहा.

नेत्रगोल आधी पक्का करा, पापण्या नंतर त्यावर ओढा. आधी पापण्या घडवून मागून गोल सरकवणारे पुष्कळ आहेत. तसं केलं की पापणी आणि गोल यांच्यात फट राहते किंवा गोल पापणीतून बाहेर येतो, आणि ती दुरुस्ती संपत नाही. गोल जागेवर असेल तर `Grab` ब्रशनं पापणी त्याच्या वळणावरून अलगद आणता येते. पापणीची कड धारदार ठेवू नका. या मापाच्या डोळ्याला ती 3 मि.मी. जाड आणि सपाट हवी. ही जाडीच डोळ्यावर सावली टाकते. ती सावली नसेल तर पांढरा भाग चेहऱ्यावरच्या सगळ्या गोष्टींपेक्षा उजळ दिसतो आणि माणूस दचकल्यासारखा वाटतो.

सर्वांत महत्त्वाचं आता. मोठा डोळा आणि उघडा डोळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुबुळ मोठं करा, 22 मि.मी. करा, पण पापण्यांची ठेवण फोटोतलीच राहू द्या. मामाच्या डोळ्यात वरची पापणी बुबुळाचा वरचा जवळजवळ पाव भाग झाकते आणि खालची पापणी बुबुळाला जेमतेम टेकते. माझ्या प्रतिमेतही 22 पैकी वरचे 5 मि.मी. पापणीखाली आहेत, त्यामुळे डोळ्याची फट 17 मि.मी.ची राहिली. खऱ्या चेहऱ्यात ती 10 मि.मी.हून कमी असते, म्हणजे डोळा भरपूर मोठा झाला आणि तरीही मामा मामाच राहिला. बुबुळाभोवती चारही बाजूंनी पांढरं दिसू लागलं की थांबा, कारण तो भीतीचा भाव आहे. एरवी शांत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत तसं दिसत नाही.

भुवया पापणीबरोबर वर सरकवा. फोटोत भुवई आणि पापणी यांच्यात जेवढं अंतर असेल, त्याच प्रमाणात ठेवा. जागा करायला नाकाची लांबी थोडी कमी करा, पण शेंड्याचा आकार बदलू नका. शेवटी `X` सिमेट्री बंद करून डावी पापणी एखाद-दुसऱ्या मि.मी.नं खाली आणा. हे सगळ्यांत शेवटी करायचं, पण टाळायचं नाही. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला चेहरा कुणाचाच वाटत नाही.

डोळ्याची रचना दोन थरांची हवी. आत बुबुळ, थोडंसं आत दबलेल्या बशीसारखं, आणि बाहेर किंचित फुगीर पारदर्शक कवच. बशीच्या खोलगटपणामुळे उजेडाच्या विरुद्ध बाजूची बुबुळाची कड उजळते आणि डोळ्यात खोली येते. सपाट बुबुळावर चित्र लावून ते होत नाही. कवचाला `Transmission` 1, `Roughness` 0, `IOR` 1.376 द्या. आता रेंडर केलं तर बहुतेक वेळा बुबुळ काळवंडलेलं दिसेल आणि तुम्ही त्याचा रंग उजळवत बसाल. दोष रंगात नाही. कवच काचेसारखं असल्यानं सायकल्समध्ये त्याची सावली बुबुळावर पडते. कवच निवडा, `Object Properties` मधल्या `Ray Visibility` खाली `Shadow` बंद करा, लगेच उजेड येईल.

राहिली नजर. डोळे आता लांब लांब आहेत, त्यामुळे दोन्ही अगदी सरळ समोर बघत असले तर नजर फाकलेली वाटते. चेहऱ्यासमोर 70-80 सें.मी.वर एक `Empty` ठेवून दोन्ही गोल `Track To` नं त्याच्याकडे वळवा. वळण दोन-तीन अंशांचंच असतं, पण त्यावरच तो कुणाकडे तरी बघतोय हे ठरतं.

त्वचा

मऊपणा `Subsurface` मधून येतो, म्हणजे उजेड कातडीत शिरून थोडा पसरून बाहेर येण्यातून. `Weight` 1 ठेवा, `Radius` मूळचाच (1.0, 0.2, 0.1) राहू द्या. बदलायचा तो `Scale`. तो मुळात 0.05 m असतो, म्हणजे लाल उजेड 5 सें.मी. पसरतो. 23 सें.मी.च्या डोक्यात तो नाकाच्या आरपार जाईल, आणि चेहरा मेणाचा दिसतो तो यामुळेच. 0.006 पासून सुरुवात करा. नाकपुडीची कड आणि ओठांमधली रेघ स्पष्ट दिसली पाहिजे, ती विरघळू लागली की `Scale` कमी करा.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. शिकवणीच्या व्हिडिओंत मिळणारी गुलाबी-केशरी त्वचा सावळ्या माणसाला लावू नका, आणि ‘छान दिसेल’ म्हणून त्याला उजळही करू नका. सावळ्या त्वचेत आतून पसरणारा उजेड कमी दिसतो, मऊपणा मुख्यतः चकाकीच्या हळुवार उतारातून येतो. म्हणून `Roughness` 0.4 ते 0.5 मध्ये ठेवा, कपाळ आणि नाकाच्या शेंड्यावर थोडा कमी. मूळ तपकिरी रंगावर कानांना, नाकाला आणि गालांना तांबूस झाक द्या, दाढीच्या जागेला किंचित राखाडी. सुरकुत्यांपैकी डोळ्यांच्या कडेच्या दोन आणि नाकापासून मिशीकडे येणारी एक एवढ्याच ठेवा. छिद्रं आणि बारीक रेषा काढून टाका.

केस

एकेक केस नको. भांग आणि केसांची बाह्यरेषा फोटोतली घ्या आणि पंधरा-वीस जाड बटांत केस बसवा. मिशीला दोन भाग, प्रत्येकात तीन-चार बटा.

कडेचा उबदार उजेड

मुख्य दिवा समोरून एका बाजूला, मोठा `Area` लाइट, रंग जवळजवळ पांढरा. त्याचं प्रतिबिंब बुबुळात वरच्या कोपऱ्यात एकच पडेल असा सरकवा. दुसरा दिवा डोक्याच्या मागे, विरुद्ध बाजूला, डोक्यापेक्षा थोडा उंच. त्याला `Blackbody` 2800 द्या. केस, गालाची कड आणि खांदा एवढ्यांवरच हा उजेड बारीक पट्टीसारखा पडायला हवा. नाकाच्या शेंड्यावर किंवा गालाच्या पुढच्या भागावर पडला, तर दिवा अजून मागे न्या. त्याची ताकद कमी केल्यानं हे सुटत नाही, तो जागेवरूनच चुकलेला असतो.

पट्टी पांढरीफटक दिसत असेल तर रंग आणखी केशरी करून उपयोग नाही. `AgX` मध्ये फार तीव्र उजेडाचा रंग आपोआप फिकट होत जातो, म्हणून इथं मात्र दिव्याची ताकद उतरवा, ऊब परत येईल. मामाच्या बाहेर आलेल्या कानामागून हा उजेड गेला की कानाची पाळी आतून लालसर दिसायला हवी. ती दिसत नसेल तर कान फार जाड घडवलाय, पाळी पातळ करा. सगळा कान दिव्यासारखा पेटला असेल तर `Subsurface Scale` पुन्हा तपासा.