अर्धगोल हेड आणि सिलिंडरचा जोड: या चुका टाळा

प्रेशर व्हेसलच्या अर्धगोल हेडला सिलिंडरच्या निम्मी जाडी पुरते, हे सूत्रावरून लगेच दिसते. सिलिंडरमध्ये परिघीय ताण `pR/t`, तर गोलात सगळीकडे `pR/2t`. त्यामुळे हेड निम्म्या जाडीचे घ्यायचे, आतला व्यास जुळवायचा आणि वेल्ड करायचे, असे पुष्कळ ड्रॉइंगवर दिसते. दोन्ही भाग स्वतंत्रपणे पाहिले तर हा हिशेब बरोबरच आहे. अडचण होते ती दोघे जिथे भेटतात तिथे.

पुढचा सगळा हिशेब एकाच उदाहरणावर आहे. मध्यत्रिज्या १००० मिमी, आतला दाब २ एमपीए (सुमारे २० बार), सिलिंडरची जाडी १६ मिमी, हेडची ८ मिमी, साधे कार्बन स्टील. सिलिंडरमध्ये परिघीय ताण १२५ आणि अक्षीय ताण ६२.५ एमपीए येतो. हेडमध्ये दोन्ही दिशांना १२५.

चूक पहिली: फुगण्यातला फरक हेच एकमेव कारण समजणे

दाब भरला की दोन्ही भाग बाहेर फुगतात, पण सारखे नाही. मोकळा सोडलेला सिलिंडर त्रिज्येच्या दिशेने `0.85 pR²/Et` इतका वाढतो आणि गोल `0.35 pR²/Et` इतका. दोन्हींची जाडी १६ मिमी धरली तर सिलिंडर ०.५३ मिमी फुगतो आणि हेड ०.२२ मिमी. वेल्डमुळे त्यांना एकाच जागी थांबावे लागते, म्हणून सिलिंडरची कड आत ओढली जाते, हेडची बाहेर, आणि जोडाच्या आसपास वाकण्याचा ताण तयार होतो. यालाच डिसकंटिन्युइटी ताण म्हणतात.

ऐकायला हे भीतिदायक वाटते, पण समान जाडीत हा ताण किरकोळ असतो. बरोबर जोडावर बेंडिंग मोमेंट शून्य असतो. तो सर्वाधिक होतो जोडापासून थोडा दूर, आपल्या उदाहरणात सुमारे ७७ मिमीवर, आणि तिथे अक्षीय ताण ६२.५ वरून ८१ एमपीएपर्यंत चढतो. परिघीय ताण तर जेमतेम ३ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे जाडी सारखी असेल तर अर्धगोल हेडचा जोड हा व्हेसलमधल्या सर्वांत शांत जोडांपैकी एक आहे.

आता हेड ८ मिमीचे करा. पातळ झाल्यामुळे ते जास्त फुगते, ०.४४ मिमी. सिलिंडरशी तफावत ०.३१ वरून ०.०९ मिमीवर येते. फक्त फुगण्याकडे पाहणाऱ्याला वाटेल की निम्मी जाडी जोडासाठीही चांगलीच ठरली. दोन्ही भागांच्या मध्यरेषा एका ओळीत असतील तर ते खरेही आहे. मी सोडवलेल्या कड-समीकरणांत तेव्हा हेडच्या कडेला वाकण्याचा ताण फक्त १० एमपीएच्या आसपास येतो.

पण प्रत्यक्षात मध्यरेषा एका ओळीत नसतात.

चूक दुसरी: मध्यरेषांतले अंतर विसरणे

ही या जोडातली सर्वांत महागडी चूक आहे. आतला व्यास जुळवला की १६ मिमी प्लेटची मध्यरेषा आतल्या पृष्ठभागापासून ८ मिमीवर येते आणि ८ मिमी प्लेटची ४ मिमीवर. म्हणजे अंतर ४ मिमी. व्हेसलच्या अक्षाच्या दिशेने जाणारे ओढबल परिघाच्या दर मिलिमीटरला `pR/2`, म्हणजे १००० न्यूटन आहे. हे बल एका मध्यरेषेवरून दुसरीवर उडी मारते, तेव्हा दर मिलिमीटर परिघाला ४००० न्यूटन-मिमीचा मोमेंट तयार होतो. कुठल्याही फुगण्याशी त्याचा संबंध नाही. तो केवळ भूमितीतून आलेला आहे.

हा मोमेंट दोन्ही बाजूंनी वाटून घेतला जातो. जाड सिलिंडर ताठ असल्याने मोठा वाटा उचलतो, साधारण २८८०, आणि हेडकडे उरतो ११२० न्यूटन-मिमी. वाटा लहान असला तरी वाकण्याचा ताण जाडीच्या वर्गाने भागला जातो, त्यामुळे ८ मिमीच्या हेडमध्ये १०५ एमपीए येतो आणि १६ मिमीच्या सिलिंडरमध्ये ६८. हेडच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, वेल्डच्या अगदी काठाला, एकूण ताण १२५ अधिक १०५ म्हणजे २३० एमपीए होतो. मध्यरेषा जुळलेल्या असत्या तर तो १३५ राहिला असता.

बाहेरचा व्यास जुळवून सुटका होत नाही. मग मोमेंट उलटा होतो आणि हेडच्या आतल्या पृष्ठभागावर सुमारे २१० एमपीए येतो. आकडा थोडा कमी, पण तो पृष्ठभाग आतल्या द्रवाला लागून असतो आणि वापरात सहज तपासता येत नाही. द्रव गंजवणारा असेल तर मी हा पर्याय निवडणार नाही.

जुळवणीतली चूक यात आणखी भर घालते. एएसएमई सेक्शन ८, डिव्हिजन १ मध्ये एवढ्या पातळ प्लेटला जाडीच्या पाव भागाइतका, म्हणजे इथे २ मिमीचा ऑफसेट चालतो. तो नेमका वाईट दिशेने पडला तर मध्यरेषांतले अंतर ६ मिमी होते आणि हेडच्या काठाचा ताण २७८ पर्यंत जातो. नियम पाळलेला असतो, तरीही.

हायड्रो टेस्ट पास झाली, म्हणून जोड ठीक?

नाही. चाचणीचा दाब डिझाइन दाबाच्या १.३ पट धरला तर त्या काठावर सुमारे ३०० एमपीए येतो आणि २६० यील्ड असलेले स्टील पृष्ठभागापुरते यील्ड होते. पण हा वाकण्याचा ताण स्वतःहून थांबणारा आहे. धातू थोडा सरकला की मोमेंट पुन्हा वाटला जातो, आणि दाब उतरवल्यावर तिथे उलट दिशेचा शिल्लक ताण राहतो. त्यामुळे गळती होत नाही, नजरेला काही दिसत नाही. कोडही याच कारणाने अशा ताणाला दुय्यम मानते आणि त्याला मेम्ब्रेन ताणापेक्षा बरीच मोठी मर्यादा देते. वर्षातून एक-दोनदा दाब चढणाऱ्या व्हेसलसाठी हे पुरेसे आहे.

दाब रोज अनेकदा चढत-उतरत असेल तर चित्र पालटते. वेल्डचे फटीग आयुष्य ताणाच्या पल्ल्याच्या साधारण घनाने घटते. १३५ ऐवजी २३० म्हणजे ताण १.७ पट आणि आयुष्य जवळपास पाचवा हिस्सा. त्यात वेल्डच्या काठाच्या खाचेचा परिणाम अजून धरलेलाच नाही.

चूक तिसरी: टेपर चुकीच्या बाजूला काढणे

जाडीतला फरक पातळ प्लेटच्या पाव भागापेक्षा किंवा ३ मिमीपेक्षा जास्त असेल तर टेपर लागतो, आणि त्याची लांबी पृष्ठभागातल्या फरकाच्या किमान तिप्पट हवी. इथे फरक ८ मिमी, म्हणून किमान २४ मिमी. वेल्डची रुंदी त्यात मोजता येते.

सोपे पडते म्हणून काही जण सिलिंडरची कड मशीनवर घासून ८ मिमीवर आणतात. हे करू नका. सिलिंडरला परिघीय ताणासाठी १६ मिमी लागतात, आणि ते टँजंट लाइनपर्यंत सलग लागतात. कड घासली की त्या पट्ट्यात परिघीय ताणाला पुरेसा धातूच उरत नाही, आणि ही कमतरता प्राथमिक ताणातली आहे, स्वतःहून थांबणारी नव्हे. टेपर गोल भागावरच यायला हवा, म्हणजे हेडची कड सिलिंडरइतकी जाड ठेवून टँजंट लाइनच्या पुढे ती हळूहळू पातळ करायची. जोड जाड करण्याचे एक कारण हेच आहे.

दुसरे कारण वाकण्याचे. तोच मोमेंट ८ ऐवजी १६ मिमीच्या काटछेदाने घेतला तर ताण चौथा हिस्सा होतो. वेल्ड या जाड भागात ठेवला की सर्वांत नाजूक जागेला सर्वांत कमी ताण मिळतो.

चूक चौथी: तीनास एक टेपर दिला म्हणजे वाकणे गेले, असे मानणे

वाकण्याचा परिणाम `1/β` एवढ्या अंतरावर बराच ओसरतो, आणि हे अंतर `√(Rt)/1.285` असते. ८ मिमीच्या हेडसाठी ते ७० मिमी, १६ मिमीच्या भागासाठी ९८ मिमी. त्यापुढे २४ मिमीचा टेपर अगदीच आखूड आहे. तो खाच बोथट करतो, पण मध्यरेषेची ४ मिमीची उडी तिथेच राहते, फक्त थोडी तिरपी होते.

फटीग महत्त्वाचा असेल तर माझी पसंती अशी: हेडची कड साधारण १०० मिमीपर्यंत १६ मिमीच ठेवा आणि मग टेपर काढा. त्यामुळे वेल्डवरचा ताण शंभराच्या आत राहतो. जाडी बदलते त्या ठिकाणी आतला पृष्ठभाग जुळवलेला असेल तर पातळ बाजूला वाकण्याचे ७०-७५ एमपीए येतात, पण ते मूळ धातूत, वेल्डपासून दूर. दोन्ही पृष्ठभागांवर अर्धा-अर्धा टेपर काढता आला तर मध्यरेषा जुळतात आणि हा आकडा पंचवीसच्या खाली येतो. आतून मशीनिंग करणे नेहमी शक्य नसते, हे खरे.

जाड पट्टा उगाच लांबवण्यात मात्र अर्थ नाही. १६ मिमीचा गोल ०.२२ मिमी फुगतो आणि ८ मिमीचा ०.४४, म्हणजे त्या टोकाला फुगण्याची नवी तफावत आपणच तयार करतो. आणि पट्टा म्हणून बाहेरून रिंग किंवा पॅड फिलेट वेल्डने जोडणे तर सर्वांत वाईट, कारण मध्यरेषा आणखी सरकते आणि दोन नव्या खाचा मिळतात.

संगणकाच्या निकालात जोड शांत दिसत असेल तर

शेल एलिमेंट वापरून केलेल्या मॉडेलमध्ये सिलिंडर आणि हेड बहुधा एकाच रेषेवर काढले जातात आणि जाडी नुसता आकडा म्हणून दिली जाते. मध्यरेषा आपोआप जुळतात, ४००० न्यूटन-मिमीचा मोमेंट मॉडेलमध्ये येतच नाही, आणि १०५ च्या जागी १० एमपीए दिसतात. निकाल सुंदर असतो आणि चुकीचा. शेल ऑफसेट द्या किंवा जोडापुरता घन अक्षसममित मॉडेल करा.

मॉडेल विश्वासार्ह आहे का, हे पाहायला आधी दोन्ही जाड्या १६ करून चालवा. जोडापासून दूर १२५ आणि ६२.५ यायला हवेत, आणि सिलिंडरमध्ये ७७ मिमीच्या आसपास अक्षीय ताणाचे शिखर `pR/2t` च्या १.२९ पट. ते शिखर दिसत नसेल तर जोडाजवळची जाळी भरड आहे. `√(Rt)` एवढ्या अंतरात निदान दहा एलिमेंट ठेवा.

वापरातल्या व्हेसलवर भेग सापडली तर तिची जागा पाहा. परिघाच्या दिशेने जाणारी, हेडच्या बाजूच्या वेल्ड-काठावर बाहेरून सुरू झालेली भेग असेल आणि आतला व्यास जुळवलेला असेल, तर संशय आधी मध्यरेषेवर घ्या. बाहेरचा व्यास जुळवलेल्या जोडात तीच भेग आतून निघते, म्हणून तिथे बाहेरून केलेली डाय पेनिट्रंट तपासणी पुरत नाही, अल्ट्रासॉनिक लागते. भेग घासून पुन्हा वेल्ड भरण्याआधी परिघावर ठिकठिकाणी ऑफसेट मोजा. भेगेची टोके जिथे संपतात तिथे तो कमी आणि मध्यभागी जास्त निघाला, तर दोष जुळवणीचा आहे आणि नुसते वेल्ड भरून ती भेग परत येईल.