व्हायरल दावा फॅक्ट चेक साइटवर तपासायचा कसा, आणि 'खोटं' हा शिक्का वाचायचा कसा

साइट उघडून सर्च करणं कुणालाही जमतं. चूक होते ती निकाल वाचताना, आणि ती मी स्वतः केलेली आहे.

मे 2024 ची गोष्ट. आमच्या वाडीच्या ग्रुपवर मेसेज आला, "समुद्रात मोठ्या लाटा येणार, दोन दिवस किनाऱ्यावर जाऊ नका", आणि खाली व्हिडिओ, काळं पाणी भिंतीवरून शहरात घुसतंय आणि त्यात गाड्या आणि बोटी वाहून जातायत. मी शोधलं, तर तो व्हिडिओ जपानच्या मियाको शहराचा, 11 मार्च 2011 च्या त्सुनामीचा निघाला. दरवेळी कुठल्यातरी नवीन किनाऱ्याच्या नावाने फिरत असतो तो. मी लगेच ग्रुपवर टाकलं, "फेक आहे, लक्ष देऊ नका". पण इशारा खरा होता! इन्कॉइसने, म्हणजे हैदराबादची सरकारी संस्था जी समुद्राचे अंदाज देते तिने, 4 आणि 5 मेसाठी केरळपासून मुंबईपर्यंत मोठ्या लाटांचा इशारा दिलेला. या लाटा दूरच्या वादळांतून तयार होऊन इथवर येतात, त्यामुळे आपल्याकडे वारा नसतो, आभाळ स्वच्छ असतं, आणि माझ्यासारख्याला वाटतं काही नाहीच. त्या रात्री अगदी शेजारी बांधलेल्या दोन होड्या एकमेकींवर आपटून फळ्या फुटल्या. काकांनी मला फक्त एवढंच विचारलं, "तू सांगितलंस ना फेक म्हणून?"

तर पहिलं काम म्हणजे मेसेजचे तुकडे करा. वरच्या मेसेजमध्ये दोन दावे होते, लाटा येणार हा एक आणि हा व्हिडिओ इथला आहे हा दुसरा. दोन्ही वेगळे तपासायचे.

मग toolbox.google.com/factcheck/explorer वर शोधा, तिथे बऱ्याच साइट्सचे निकाल एकत्र मिळतात. मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत असं तिन्हीत टाकून बघा. व्हिडिओ असेल तर त्यातल्या ठळक क्षणाचा स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये टाका. एवढंच.

आता निकाल, आणि इथे घाई करू नका. हेडलाइन सोडून द्या, आधी लेखात "दावा" म्हणून नेमकं कुठलं वाक्य घेतलंय ते शोधा. 'खोटं' हा शिक्का फक्त त्या वाक्यावर असतो, तुमच्या अख्ख्या मेसेजवर नाही. मी वाचलेल्या निकालात दावा होता "हा व्हिडिओ अमुक ठिकाणचा आहे", लाटांच्या इशाऱ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, आणि मी तो शिक्का उचलून इशाऱ्यावर मारला. तारीखही बघा, कारण मागच्या वर्षीचा निकाल आजच्या इशाऱ्याबद्दल काहीच सांगत नाही.

नंतर पुरावा. चांगला निकाल मूळ व्हिडिओची लिंक देतो, तो कधी अपलोड झाला ते सांगतो, आणि मूळ व व्हायरल दोन्ही व्हिडिओंतली एकच फ्रेम शेजारी शेजारी ठेवतो, म्हणजे तीच भिंत, तीच इमारत आपल्या डोळ्यांनी जुळवता येते. "आमच्या तपासात हे खोटं आढळलं" एवढंच लिहिलं असेल आणि लिंक नसेल तर मी तो निकाल धरत नाही, साइट कितीही मोठी असो. अधिकाऱ्याशी बोललो असं म्हटलं असेल तर कुठल्या खात्याचा अधिकारी ते लिहिलेलं पाहिजे.

साइट कोण चालवतं तेही बघा. आयएफसीएन ही फॅक्ट चेक करणाऱ्यांची जागतिक संस्था तिच्या नियमावलीवर सही करणाऱ्या साइट्सना पैसे कुठून येतात, तपासतात कसं आणि चुका कशा दुरुस्त करतात हे उघड करायला लावते. साइटवर ही माहिती दिलेल्या पानावर जाऊन वाचा, नुसता लोगो बघून थांबू नका. पीआयबी फॅक्ट चेक हे केंद्र सरकारचं स्वतःचं युनिट आहे आणि केंद्राशी संबंधित गोष्टीच बघतं. अमुक योजना आहे का, अमुक परिपत्रक निघालं का, याला ते चालतं. पण सरकारवरच्या टीकेचा दावा असेल तर दुसरा स्वतंत्र निकालही शोधाच.

आणि काहीच सापडलं नाही तर? त्याचा अर्थ खरं असा नाही आणि खोटं असाही नाही. या साइट्स खूप पसरलेले दावे आधी घेतात, आपल्या खाडीवरच्या पुलाचा मेसेज तिथे बहुतेक पोचतच नाही. अशा वेळी थेट मुळाशी जा, लाटांसाठी incois.gov.in, पावसासाठी हवामान खातं, बाकीसाठी तहसील ऑफिसला फोन.

त्या दिवशी मी ग्रुपवर हे लिहायला हवं होतं: "व्हिडिओ जपानचा, 2011 चा. इशारा मात्र खरा आहे, रविवारी रात्रीपर्यंत. होड्या एकमेकींपासून अंतर ठेवून बांधा."