या चुका टाळा : हस्तलिखिताची पानं क्रमानं लावताना

पोथीवरचा आकडा पृष्ठाचा नसतो, पानाचा असतो. आणि आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांमध्ये तो बहुतेक वेळा पानाच्या पाठीवर असतो. हे मी इतक्यांदा सांगितलंय, तरी दर महिन्याला कुणीतरी उलटी लावलेली पोथी घेऊन येतंच.

मागच्या पावसाळ्यात गिरगावातल्या एका घरातून चाळीस पानांची ओवीबद्ध पोथी आली. मुलानं फोटो काढून सगळा मजकूर टंकून आणला होता, मेहनत खरंच मोठी होती. पण जवळजवळ प्रत्येक पानाला कंसात ‘मजकूर गहाळ’. त्याचं म्हणणं, पोथी उतरवून काढणाऱ्या लेखकानं ओळी गाळल्यात. मी बारावं पान उघडलं. १२ आकडा असलेल्या बाजूवर ९१ ते ९८ क्रमांकाच्या ओव्या होत्या, बिनआकड्याच्या बाजूवर ८३ ते ९०. आकडा दिसला म्हणून त्यानं ती बाजू पुढची धरली आणि चाळीसही पानं तशीच लावली.

खात्री करायला एक जोड पाहिला. आकड्याच्या बाजूची शेवटची अक्षरं होती ‘अर्जु’. तेराव्या पानाच्या बिनआकड्याच्या बाजूची सुरुवात ‘न म्हणे’. जुने लेखक शब्द सलग लिहीत आणि जागा संपली की शब्द मध्येच तोडून पुढच्या पानावर नेत. जोडरेघ नाही, काही नाही. हा तुटलेला शब्द म्हणजे सर्वांत भरवशाचा सांधा. त्या मुलाच्या प्रतीत मात्र ‘अर्जु’च्या पुढे ८३वी ओवी येत होती. मजकूर कुठेच गहाळ नव्हता.

म्हणून क्रम असा : बिनआकड्याची बाजू आधी, आकड्याची नंतर. पहिल्या पानाची पुढची बाजू बहुधा कोरी असते, मजकूर १ आकडा असलेल्या पाठीवर सुरू होतो. कोरं पान म्हणून तिचा फोटो गाळू नका, एक फोटो कमी पडला की पुढची सगळी गणती घसरते. मी फाइलला नाव देतानाच `012_1.jpg` (पुढची) आणि `012_2.jpg` (पाठ) असं देते. कॅमेऱ्याचे आकडे तसेच ठेवून ‘नंतर लावू’ म्हणणाऱ्यांचं नंतर कधी येत नाही.

समासातला प्रत्येक आकडा पानाचा नसतो. ओळीत राहिलेला शब्द लेखक समासात लिहितो, ओळीत जागा दाखवायला हंसपदाची खूण काढतो आणि समासातल्या शब्दाशेजारी ओळीचा आकडा देतो. वरच्या समासात असेल तर ओळी वरून मोजायच्या, खालच्या समासात असेल तर खालून. तो ‘५’ पाहून पान पाचव्या जागी ठेवणारेही पाहिलेत. शंका आली तर बाकीच्या पानांवर आकडा नेमका कुठे बसतो ते बघा. लेखक जागा सहसा बदलत नाही.

१ आणि ९ नीट वाचा. घाईच्या हातात ११, १९ आणि ९१ सारखेच दिसतात.

कंपनीच्या काळातल्या इंग्रजी पत्रांची गोष्ट वेगळी. तिथे पानाच्या तळाशी उजवीकडे एकटाच शब्द असतो, तोच पुढच्या पानाचा पहिला शब्द. हा कॅचवर्ड. नवशिके तो मजकुरात टंकतात, पुढच्या पानावर पुन्हा टंकतात, आणि वाक्यात तोच शब्द दोनदा येतो. तो एकदाच घ्यायचा, पुढच्या पानावरचा.

पण निव्वळ कॅचवर्डवर सांधा जुळवू नका. तो ‘द’ किंवा ‘अँड’ असेल तर गठ्ठ्यातली पाच पानं त्याला जुळतील. मी वाक्य मोठ्यानं वाचते : मागच्या पानावर क्रियापद अडकलंय का, ते पुढे सुटतंय का. उलट, कॅचवर्ड जुळला नाही म्हणजे पान हरवलं असंही नाही. तळाला ‘ऑनरेबल’ पूर्ण आणि पुढे त्याचंच आखूड रूप, हे कारकुनांकडून होतच असे.

घडी घातलेल्या चार पृष्ठांच्या खाजगी पत्रात लिहिणारा कधी पहिल्यावरून थेट चौथ्यावर जातो. वाक्य वाचल्याशिवाय क्रम ठरवू नका.

राहिली पेन्सिल. शाईचा आकडा लिहिणाऱ्याचा, पेन्सिलचा बहुधा नंतर कुणीतरी पानं मिळाली तशी मोजून घातलेला. दोन्ही वेगळे असतील तर मी दोन्ही टिपून ठेवते आणि पानं शाईच्या आकड्यानं लावते. लेखकानं २३ दोनदा घातला असेल, तर तुटलेला शब्द कुठे जुळतो ते पाहून २३ आणि २३अ करते. मूळ पानावर मात्र काहीही लिहीत नाही, पेन्सिलनंही नाही.