व्हान डर वाल्स वायूचं बॉइल तापमान काढताना या चुका टाळा

व्हान डर वाल्सच्या समीकरणात दोनच स्थिरांक आहेत. रेणूंच्या आपसातल्या ओढीसाठी a, आणि रेणूंनी अडवलेल्या जागेसाठी b. या दोघांवरून दुसरा विरिअल गुणांक B काढायचा आणि तो ज्या तापमानाला शून्य होतो ते बॉइल तापमान शोधायचं. सूत्रं एवढीच:

```
B   = b - a/(RT)
T_B = a/(Rb)
```

इंदूरला रामबागेत माझ्याकडे बी.एस्सी.ची मुलं वह्या घेऊन येतात, आणि अडखळतात ती याच दोन ओळींवर. बीजगणितात ती सहसा चुकत नाहीत. चूक असते आकडे घालण्यात, किंवा बरोबर आलेल्या उत्तराचा अर्थ लावण्यात. सगळीकडे नायट्रोजनचंच उदाहरण घेऊ: a = १.३७० लिटर²·बार/मोल², b = ०.०३८७ लिटर/मोल.

R कुठल्या एककातला?

पाठ असलेला R म्हणजे ८.३१४. तो तसाच घातला की T_B येतं ४.२६ केल्व्हिन. इथेच थांबून विचार करायला हवा. नायट्रोजन साध्या दाबाला ७७ केल्व्हिनलाच द्रव होतो. ४ केल्व्हिनला तो घट्ट गोठलेला असणार, तिथे वायूचं बॉइल तापमान कुठून येईल? ८.३१४ हा R ज्यूलमधला आहे आणि a, b आहेत लिटर-बारमधले. एक लिटर-बार म्हणजे १०० ज्यूल, म्हणून उत्तर नेमकं शंभर पट लहान आलं.

लिटर-बारसोबत R = ०.०८३१४५ घ्या. छेदात ०.०८३१४५ × ०.०३८७ = ०.००३२१८ येतं, आणि १.३७० ला त्याने भागलं की ४२६ केल्व्हिन. ज्यूलमध्येच काम करायचं असेल तर a ला ०.१ ने आणि b ला ०.००१ ने गुणून दोन्ही एसआय एककांत न्या. b बदलला पण a तसाच राहिला, तर उत्तर ४,२५८ येतं. उत्तर दहा पट किंवा शंभर पट हललेलं दिसलं, तर कुठला आकडा बदलायचा राहिला ते त्यावरूनच ओळखता येतं.

खरी फसवी चूक याहून लहान असते. जुन्या पुस्तकांत a अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये दिलेला असतो आणि सोबत R = ०.०८२०६ वापरतात. बारमधला a आणि हा R एकत्र आले तर T_B येतं ४३१. एवढा फरक डोळ्यांना खटकत नाही. त्यासाठी माझा आवडता ताळा असा: आलेल्या T_B ला ८/२७ ने गुणा. याच समीकरणातून क्रांतिक तापमान 8a/(27Rb) येतं, म्हणून गुणाकार त्या वायूच्या क्रांतिक तापमानाइतका यायला हवा. ४२५.८ × ८/२७ = १२६.२, आणि नायट्रोजनचं क्रांतिक तापमान १२६.२ केल्व्हिनच आहे. ४३१.४ घेतलं तर १२७.८ येतं, म्हणजे एकक तपासा. हा ताळा इतका चोख जुळतो, कारण तक्त्यांतले a आणि b बहुधा क्रांतिक तापमान आणि क्रांतिक दाबावरूनच काढलेले असतात.

"सर, पुस्तकात ३२७ आहे, माझं कुठे चुकलं?"

कुठेच नाही. नायट्रोजनचं प्रयोगातून मिळालेलं बॉइल तापमान सुमारे ३२७ केल्व्हिन आहे आणि व्हान डर वाल्सचं ४२६. हे पाहून मुलं आपलं बरोबर गणित खोडतात, आणि ते पाहून मला फार वाईट वाटतं.

व्हान डर वाल्सच्या समीकरणात बॉइल तापमान क्रांतिक तापमानाच्या २७/८ पट, म्हणजे ३.३७५ पट असतं. वायू कुठलाही घ्या, a आणि b कितीही बदला, हे गुणोत्तर हलत नाही. खऱ्या नायट्रोजनसाठी ते २.५९ आहे. समजा, ३२७ यावं म्हणून तुम्ही a कमी केला, तर क्रांतिक तापमान ९७ केल्व्हिनवर घसरेल. एक जुळवलं की दुसरं सुटतं.

क्रांतिक बिंदूजवळ रेणू दाट असतात, प्रत्येकाला अनेक शेजारी असतात. B मात्र विरळ वायूतली गोष्ट सांगतो, जिथे दोन-दोन रेणूंची गाठ तेवढी महत्त्वाची. दाट अवस्थेवर बसवलेले दोन आकडे विरळ अवस्थेत तंतोतंत लागू पडत नाहीत. ३०० केल्व्हिनला सूत्रातून B येतो −१६.२ घनसेंटिमीटर/मोल, मोजलेला आहे −४.५ च्या आसपास. चिन्ह बरोबर, पण ओढ जास्त धरली गेली. आणि हा फरक सगळ्या वायूंत एकाच बाजूला नसतो. हेलियमसाठी सूत्र १७.५ केल्व्हिन देतं आणि प्रयोग २२.६, कारण तिथे क्वांटम परिणामही आड येतात. त्यामुळे एखादा ठरावीक गुणक लावून उत्तर दुरुस्त करायला जाऊ नका. "व्हान डर वाल्सनुसार ४२६ केल्व्हिन" असं लिहा; ते पूर्ण आणि खरं उत्तर आहे.

बॉइल तापमानाला वायू आदर्श होत नाही

PV/RT ची मालिका 1 + B/V + b²/V² + … अशी असते. B शून्य झाला म्हणजे त्यातलं B/V हे पद गेलं; पुढचं b²/V² तिथेच आहे. ४२६ केल्व्हिनला एका मोलला एक लिटर जागा दिली तर PV/RT येतं १.००१६, म्हणजे जवळपास आदर्श. तीच जागा ०.१ लिटर केली की १.२४, आणि दाब ४४० बार. कमी दाबाला आलेख सपाट निघतो, पुढे तो वर वळतोच.

उलट बाजूची चूक म्हणजे एकट्या B वर नको तेवढा भार टाकणं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, इथल्या हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास. ३०० केल्व्हिनला या दाबावर BP/RT फक्त −०.०००६ येतो, तिथे B पुरेसा आहे. पण वेल्डिंगच्या दुकानाबाहेर दिसतो तसा, सुमारे १५२ बार दाबाचा नायट्रोजनचा सिलिंडर घ्या. एकट्या B वरून PV/RT येतं ०.९०. पूर्ण समीकरणात एका मोलमागे ०.१६ लिटर घातलं की तोच दाब मिळतो आणि PV/RT येतं ०.९८. इतक्या दाबाला पूर्ण समीकरणच सोडवा. आणि दाबाच्या मालिकेत B नव्हे, B/RT हा गुणांक येतो हेही पाहून घ्या. तो भागाकार राहिला तर एककंच जुळत नाहीत.

व्युत्क्रम तापमानाशी गल्लत

बारीक छिद्रातून पसरताना वायू थंड होणार की गरम, हे B च्या चिन्हावरून ठरत नाही. ते T·dB/dT − B वरून, म्हणजे 2a/(RT) − b वरून ठरतं, आणि ही राशी शून्य होते 2a/(Rb) ला; हेच व्युत्क्रम तापमान. नायट्रोजनसाठी ते ८५२ केल्व्हिन, बॉइल तापमानाच्या बरोबर दुप्पट. म्हणून ५०० केल्व्हिनला B धन आहे, सुमारे +५.७ घनसेंटिमीटर/मोल, तरीही कमी दाबाचा व्हान डर वाल्स नायट्रोजन पसरताना थंडच होतो.